पोर्टेबल एक्स-रे: ॲप्रन घालून जवळ, की दोन मीटर लांब?

जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात शिशाचा ॲप्रन नकोसा होतो. मग प्रश्न येतो, की वॉर्डात छातीचा पोर्टेबल काढताना भरवसा कशावर ठेवायचा?

थेट झोत अंगावर येत नाही. येतात ते पेशंटच्या अंगावरून विखुरलेले किरण. पेशंटपासून एक मीटरवर त्यांचा मारा 1 धरू. अंतर अर्धं केलं की तो चौपट होतो, म्हणजे 4. पाव मिलिमीटर शिशाचा ॲप्रन साधारण नव्वद टक्के अडवतो, तेव्हा अर्ध्या मीटरवर ॲप्रनमागे 0.4 उरतात. दोन मीटरवर मात्र ॲप्रनशिवायही 0.25 च! शिवाय ॲप्रन डोळे, हात झाकत नाही. अंतर सगळं अंग वाचवतं. म्हणून एक्सपोजरच्या स्विचची वायर पूर्ण ताणून उभे राहा.

तरीही ॲप्रन सोडू नका. दोन्ही मिळून 0.025 वर येतं, आणि खाटांच्या गर्दीत दोन मीटर मिळतातच असं नाही. लहान मूल धरायचं असेल तर ॲप्रन घातलेल्या नातेवाइकाने धरावं, स्टाफने नाही. ॲप्रन घडी करून खुर्चीवर टाकला की घडीवर शिसं चिरतं. वरून दिसत नाही, त्याचाच एक्स-रे काढला की काळी रेघ उमटते. हँगरवरच टांगा.

अंगाला लागलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज छातीवर, ॲप्रनच्या आत लावा. ॲप्रनला अडकवून खोलीतच ठेवला, तर तुम्ही घरी असतानाचेही किरण तुमच्या नावावर चढतात.