लिनिए अक्वाव्हिट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऑस्लोला राहायला आल्यापासून आमच्या घरी लिनिएची बाटली असतेच. ही नॉर्वेची अक्वाव्हिट, म्हणजे मसाल्याच्या स्वादाची कडक दारू. हिवाळाभर जेवणासोबत ती घेतली, सोबत ऑलबोर्ग टाफेल ही डॅनिश अक्वाव्हिटही ठेवली होती. दोन्हींत कॅरवे हाच मसाला आहे, तरी दोन्ही एकाच पद्धतीने प्यायल्या तर एकीवर अन्याय होतो. याचं कारण त्या कशा बनतात यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कॅरवेचे दाणे दिसायला जिऱ्यासारखे, पण चव बाळंतशेपेकडे झुकणारी. दोन्हींत कार्वोन नावाचं सुगंधी द्रव्य असतं, म्हणूनच अक्वाव्हिटमध्ये कॅरवे किंवा शेपूचं बी चालतं. युरोपीय नियमाप्रमाणे यांपैकी एकाचा किंवा दोन्हींचा स्वाद वरचढ हवा आणि अल्कोहोल किमान 37.5 टक्के हवं. नॉर्वेत मूळ अल्कोहोल बटाट्याचं असतं. त्यात मसाले भिजवून ते पुन्हा भट्टीतून काढतात. पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढून मधलीच ठेवतात. शेवटच्या धारेत जड, उकडल्यासारखा वास उतरतो, तो आत गेला की मसाल्याचा ताजेपणा मरतो.

ऊर्ध्वपातनाने काय साधतं हे घरी बघता येतं. घरी दारू गाळणं इथे बेकायदा आहे, पण विकत आणलेल्या व्होडकात मसाला मुरवायला हरकत नाही. अर्धा लिटर व्होडकात दोन चहाचे चमचे कॅरवे किंचित ठेचून टाकले आणि रोज चमचाभर चाखत गेलो. आधी नुसता सुगंध उतरला, मग पिवळसर रंग आला, आणि पुढे जिभेच्या मागच्या बाजूला तुरट कडवटपणा रेंगाळायला लागला. तो जाणवला की लगेच गाळून घ्यायचं, कारण नंतर तो काढता येत नाही. भट्टीत सुगंध वाफेबरोबर वर जातो आणि रंग व कडवटपणा खाली भांड्यातच राहतो. म्हणून टाफेल पाण्यासारखी स्वच्छ असते आणि 45 टक्के असूनही कडू लागत नाही.

लिनिएचा सोनेरी रंग मसाल्याचा नाही, लाकडाचा आहे. ती शेरी या स्पॅनिश वाइनच्या जुन्या ओक पिपांत मुरते, आणि ती पिपं जहाजावर चढवून विषुववृत्त दोनदा ओलांडून परत आणतात. यामागे खरी घटना आहे. 1805 मध्ये नॉर्वेतल्या ट्रोन्हेमहून एक जहाज अक्वाव्हिट घेऊन बटाविया, म्हणजे आजच्या जकार्ताकडे निघालं. तिथे माल खपला नाही, पिपं 1807 मध्ये परत आली, आणि आतली दारू निघाली होती त्यापेक्षा चांगली झालेली आढळली. आजही बाटलीतून आरपार पाहिलं की लेबलच्या मागच्या बाजूला त्या सफरीच्या जहाजाचं नाव आणि तारखा वाचता येतात. नवीन बाटली आणली की मी आधी तेच वाचतो. समुद्रात हलणं आणि उष्णता-थंडी यांमुळे दारू लाकडात जास्त भिनते असं सांगतात. माझ्या मते चवीचं मोठं श्रेय शेरीच्या पिपांना आहे, जहाज त्यावर थोडी भर घालतं.

आता पिण्याचं. डेन्मार्कमध्ये टाफेलसारखी बाटली फ्रीझरमध्ये ठेवतात आणि राईच्या पावावर मुरवलेला हेरिंग मासा घेऊन छोट्या ग्लासातून पितात. हे जमतंही उत्तम: थंडीने अल्कोहोलची आग दबते आणि कॅरवे माशाचा तेलकटपणा कापतो. लिनिए मी तशी गार करूनही पाहिली. पिपाचा व्हॅनिला आणि सुक्या मेव्याचा वास जवळजवळ गायब झाला, उरला नुसता मसाला. साध्या खोलीच्या तापमानाला, देठाच्या, वर निमुळत्या होणाऱ्या ग्लासात ती खुलते. नॉर्वेजियन घरांत ती अशीच घोटघोट घेतात, बाजूला बिअर असते. नाताळच्या जेवणात रिब्बे म्हणजे भाजलेलं चरबीदार डुकराचं मांस, किंवा पिन्नेशॉट म्हणजे खारवून वाळवलेल्या आणि मग वाफवलेल्या मेंढीच्या बरगड्या असतात. खारट, चरबीदार घासानंतर लिनिएचा छोटा घोट घेतला की तोंड मोकळं होतं आणि पुढचा घास पुन्हा चवदार लागतो. ग्लास उचलताना ‘स्कोल’ म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं, पिऊन झालं की पुन्हा एकदा पाहायचं.

उणीवही सांगतो. जेवणाशिवाय, नुसती बसून प्यायला लिनिए मला फारशी आवडली नाही. दुसऱ्या ग्लासापर्यंत कॅरवे एकसुरी वाटायला लागतो. कॉकटेलमध्येही तो बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतो, त्यामुळे तिथे अर्ध्या मापानेच घालावी. घरात हेरिंग किंवा थंड मासे जास्त होत असतील तर टाफेल घ्या. मांसाचं भारी जेवण असेल तर लिनिए. दोन्हींतली एकच घ्यायची झाली तर मी लिनिएच घेईन, आणि ती फ्रीझरमध्ये ठेवणार नाही.