आधार की ऑफिसचा ईमेल? लिंक्डइनवर आधी कोणती पडताळणी करावी

लिंक्डइनवर नावापुढे टिकची जी छोटी खूण दिसते, ती मिळवायच्या मुख्य वाटा दोन आहेत. एक म्हणजे सरकारी ओळखपत्र दाखवून ओळख सिद्ध करायची. दुसरी म्हणजे चालू नोकरीतल्या कंपनीच्या ईमेलवर आलेला कोड टाकायचा. दोन्ही फुकट आहेत. बाहेरून खूण सारखीच दिसत असल्यामुळे बरेच जण जी सोपी वाटेल ती करून मोकळे होतात. रिक्रूटरने त्या खुणेवर क्लिक केलं की मात्र आत काय तपासलं गेलं, कशाच्या आधारे आणि केव्हा, हे त्याला वेगवेगळं दिसतं. प्रीमियमची सोनेरी खूण हा तिसराच प्रकार. ती महिन्याचे पैसे भरून मिळते आणि तिच्यामुळे तुमच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

रिक्रूटरच्या मनात दोन शंका असतात. पहिली, या नावाचा माणूस खरोखर आहे का, की कुणीतरी फोटो आणि नाव उचलून प्रोफाइल उभं केलंय? दुसरी, हा ज्या कंपनीत आहे म्हणतो तिथे तो खरंच आहे का? पुणे, बंगळूर, हैदराबादच्या आयटी भरतीत दुसरी शंका जास्त छळते. खोटी अनुभवपत्रं विकणारी दुकानं आहेत, मुलाखतीला एक जण आणि रुजू व्हायला दुसराच, असले प्रकारही होतात. ओळखपत्राने पहिली शंका फिटते आणि कंपनीच्या ईमेलने दुसरी, तीही अर्धीच. पदनाम किती मोठं लिहिलंय, किती वर्षं काम केलंय, ते दोन्हींपैकी कशातच तपासलं जात नाही. कंपनीत कालच लागलेल्या मुलाने स्वतःला मॅनेजर लिहिलं, तरी त्याच्या ईमेलवर कोड येणारच.

ओळखपत्राची वाट: सगळा खेळ नावाचा

भारतात ही पडताळणी हायपरव्हर्ज नावाची कंपनी डिजिलॉकरच्या मदतीने करते. प्रोफाइलवरून पडताळणी सुरू केली की डिजिलॉकरचं पान उघडतं. तिथे आधार क्रमांक टाकायचा आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. मग संमतीची स्क्रीन येते. कोणती माहिती कुणाला आणि किती काळासाठी दिली जाणार, ते तिथे लिहिलेलं असतं. ही स्क्रीन वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळं जुळलं तर काम काही मिनिटांत होतं.

अडतं ते बहुतेक वेळा नावावर. प्रोफाइलवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं, आणि आपल्याकडे एकाच माणसाची नावं कागदागणिक बदलतात. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर मधे वडलांचं नाव, ऑफिसात नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. मधलं नाव प्रोफाइलवर नसलं तर सहसा बिघडत नाही. पहिलं नाव किंवा आडनावच वेगळं असलं तर मात्र गाडी तिथेच थांबते.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सांगते. ती हिंजवडीत टेस्टर आहे. लग्नानंतर ऑफिसात आणि लिंक्डइनवर तिने सासरचं आडनाव लावलं, आधारवर मात्र माहेरचंच राहिलं. पडताळणी नावाच्या पायरीवर येऊन अडली. तिच्यापुढे दोन पर्याय होते. आधारवरचं नाव बदलून घ्यायचं, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला घेऊन आधार केंद्रावर जायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे एका टिकेपायी ती संधी खर्च करायची का, याचा विचार करावा लागतो. दुसरा पर्याय प्रोफाइलवरचं नाव आधारसारखं करायचा. तिची पदवी, पासपोर्ट, पीएफचा यूएएन सगळं माहेरच्या नावावर होतं, म्हणून मी तिला दुसरा पर्याय सुचवला. सासरचं आडनाव तिने लिंक्डइनच्या `Additional name` या रकान्यात टाकलं, म्हणजे ऑफिसातल्या ओळखीच्या लोकांनाही ती सापडते. नोकरी देताना कंपनी जी कागदपत्रं तपासते, त्यांच्याशीही आता प्रोफाइलचं नाव जुळतं. टिकेपेक्षा या गोष्टीचा उपयोग तिला जास्त होईल, असं मला वाटतं.

एक पथ्य पाळावं लागतं. पडताळणी झाली म्हणून पुन्हा जुनं नाव लावायला जाऊ नका. नाव बदललं की ओळखीची पडताळणी निघून जाऊ शकते आणि सगळं परत करावं लागतं. म्हणून नावाचा निकाल आधी लावा, पडताळणी नंतर करा.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाची अडचण वेगळी. भारतातलं सिम कधीच बंद झालेलं असतं, म्हणून आधारचा ओटीपी येत नाही. बऱ्याच देशांत लिंक्डइन पर्सोना या सेवेमार्फत पासपोर्टची चिप फोनने वाचून ओळख तपासतं. जुन्या भारतीय पासपोर्टात चिपच नसते. नव्या ई-पासपोर्टात ती असते आणि मुखपृष्ठावर तिची छोटी सोनेरी खूण छापलेली असते. तुमचा पासपोर्ट जुना असेल आणि आधारचा मोबाइल बंद असेल, तर इथे वेळ घालवू नका. पुढच्या सुट्टीत भारतात आलात की आधारला चालू नंबर जोडून घ्या.

आणि ज्यांना आधार या कामासाठी द्यायचंच नाही, त्यांचं म्हणणंही मला पटतं. ही पडताळणी ऐच्छिक आहे, तिच्याशिवाय अर्ज करायला कुणी अडवत नाही. डिजिलॉकरमध्ये कुणाला संमती दिली ते नंतर बघता येतं आणि ती मागेही घेता येते.

कंपनीच्या ईमेलची वाट: सोपी, पण तात्पुरती

प्रोफाइलवरच्या चालू नोकरीपुढे पडताळणी सुरू करायची, ऑफिसचा ईमेल टाकायचा, त्यावर आलेला कोड भरायचा. आधार नको, नावाची कटकट नको. ईमेल इतरांना दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की नोकरीचं ठिकाण ऑफिसच्या ईमेलवरून तपासलं आहे आणि केव्हा तपासलं.

काही ठिकाणी हा पर्यायच दिसत नाही. कंपनीचं लिंक्डइनवर पान असावं लागतं आणि तिचा ईमेल डोमेन लिंक्डइनला माहीत असावा लागतो. जीमेलवर कारभार चालवणाऱ्या लहान कंपन्या आणि चार्टर्ड अकाउंटंटची ऑफिसं यात बसत नाहीत. पर्याय दिसला पण कोड आला नाही, तर आधी स्पॅम बघा. मोठ्या बँका आणि आयटी कंपन्या बाहेरून आलेली असली मेल अडवून ठेवतात. तिथे आयटी विभागाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, विशेषतः तुम्ही नोकरी शोधत असाल तर. लिंक्डइनची मेल ऑफिसच्या इनबॉक्समध्ये आली हे तिथल्या सिस्टिमवर नोंदलं जाऊ शकतं. त्यात गैर काही नाही, सगळ्यांनाच अशा मेल येतात. तरीही राजीनाम्याच्या आदल्या आठवड्यात हे काम करण्यापेक्षा चार महिने आधी केलेलं बरं.

क्लायंटच्या ऑफिसात बसणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पगार एका आयटी कंपनीचा, रोजचं काम एका बँकेच्या ईमेलवर. त्या बँकेच्या ईमेलने पडताळणी करण्याचा मोह होतो, कारण बँकेचं नाव मोठं असतं. पण त्यासाठी प्रोफाइलवर बँकेला चालू नोकरी म्हणून दाखवावं लागेल. पुढे नोकरी देताना पार्श्वभूमी तपासणी होते, यूएएनमधला पीएफचा इतिहास पाहिला जातो आणि तिथे आयटी कंपनीचंच नाव निघतं. मिळालेली ऑफर जाण्याइतकं हे जड पडू शकतं. पीएफ जिथून जमा होतो, पडताळणी त्याच कंपनीची करा. क्लायंटचं नाव कामाच्या वर्णनात लिहा.

या वाटेची मोठी मर्यादा म्हणजे ती नोकरीसोबत जाते. त्या कंपनीची नोकरी संपली असं प्रोफाइलवर दाखवलंत की तिची पडताळणीही निघते. म्हणजे सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच, नोकरी सुटल्यावर, ती हाताशी नसते.

मग आधी कोणती?

नोकरीत असाल, कंपनी नावाजलेली असेल आणि येत्या सहा महिन्यांत बदल करायचा विचार असेल, तर ईमेलची आधी करा. तुमच्याबद्दल रिक्रूटरला जी शंका जास्त सतावते ती तिथे फिटते. नोटीस पिरियड सुरू झाला असेल, तर ईमेलच्या पडताळणीचे थोडेच दिवस उरलेत. तेव्हा ओळखपत्राची करा, ती नोकरी बदलली तरी टिकते. नोकरी गेली असेल, मुलांसाठी मधे खंड पडला असेल, नुकतंच कॉलेज संपलं असेल किंवा तुम्ही फ्रीलान्स काम करत असाल, तर तुमच्यापुढे तोच एक रस्ता आहे आणि तो नक्की घ्या. अनोळखी रिक्रूटरला मेसेज पाठवणाऱ्या फ्रेशरला तर तिचा फायदा सर्वाधिक, कारण त्याच्या प्रोफाइलवर दाखवायला दुसरं फार काही नसतं.

ज्यांना दोन्ही जमतात त्यांनी दोन्ही कराव्यात, मात्र नाव आधारशी जुळवून घेतल्यावर. ऑफिसचा ईमेल लिंक्डइनच्या खात्याशी जोडला असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन मुख्य ईमेल तुमचा खासगीच आहे ना, ते बघून घ्या. नोकरी सुटली की ऑफिसचा इनबॉक्स त्याच दिवशी बंद होतो. लिंक्डइनचा पासवर्ड विसरला, तर तो बदलायची लिंक त्या बंद पत्त्यावर जाते आणि उभं केलेलं सगळं प्रोफाइल हातचं जातं.

कुणी फोन करून किंवा मेसेजमध्ये "तुमचं प्रोफाइल व्हेरिफाय करून देतो" म्हणत आधारचा ओटीपी मागत असेल, तर तो देऊ नका, मग समोरचा स्वतःला रिक्रूटर म्हणवत असला तरी. या दोन्ही पडताळण्या तुमच्या स्वतःच्या लिंक्डइन खात्यातूनच सुरू होतात आणि त्यातला कोड तुमच्याशिवाय कुणालाही लागत नाही.