ट्यूब्युलर म्हणून विकलेली ट्रकची बॅटरी

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी एक लहान अभ्यासिका चालवतो. उन्हाळ्यात वीज जवळपास रोज दोन-तीन तास जाते, म्हणून इन्व्हर्टरला पर्याय नाही. जुनी बॅटरी थकल्यावर यंदा पाडव्याच्या सुमारास एका दुकानातून १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची 'शॉर्ट ट्यूब्युलर' बॅटरी घेतली आणि श्रावण संपण्याआधीच ती निकामी झाली. नंतर उघड झाले की ती ट्यूब्युलर नव्हतीच. ती ट्रकचे इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली बॅटरी होती आणि तिच्यावर दुसरे लेबल डकवलेले होते. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार आता मिटली आहे आणि हाच प्रकार इतर गावांतही चालतो असे दुरुस्ती करणारे सांगतात.

दुकानदाराची मांडणी बिनतोड वाटावी अशी होती. उंच ट्यूब्युलर बॅटरीपेक्षा ही बुटकी असल्याने जागा कमी लागते, ताकद तीच, आणि भाव दोन-अडीच हजारांनी कमी. मी शंका घेताच त्याने लोड टेस्टर आणून दोन्ही टोकांना चिमटे लावले. काटा हिरव्या पट्ट्यात स्थिर राहिला. मग त्याने शेजारच्या खऱ्या ट्यूब्युलर बॅटरीवर तीच चाचणी केली. तिथे काटा थोडा अधिक खाली आला. "सर, तुमच्या डोळ्यांसमोर आहे, हीच जास्त दमदार," असे तो म्हणाला, आणि काटा खोटे बोलत नव्हता.

फसवणुकीचे मर्म याच चाचणीत आहे. लोड टेस्टर बॅटरीवर शे-दोनशे अँपिअरचा भार दहा-पंधरा सेकंद टाकतो आणि तेवढ्या वेळात व्होल्टेज किती पडते ते दाखवतो. म्हणजेच तो सेल्फ मारण्याची परीक्षा घेतो. स्टार्टर बॅटरी नेमकी याच कामासाठी घडवलेली असल्याने ती या परीक्षेत पहिली येणारच. इन्व्हर्टरवर मात्र बॅटरीला तीस-पस्तीस अँपिअरचा मध्यम प्रवाह सलग काही तास द्यावा लागतो आणि तसे शेकडो वेळा करावे लागते. ते तिला जमेल का, याविषयी ती चाचणी एक अक्षरही सांगत नाही.

दोन्ही कामांतील अंतर आकड्यांत मांडले की गोष्ट स्पष्ट होते. ट्रकचा स्टार्टर ५०० अँपिअर प्रवाह तीन सेकंद ओढतो असे धरले, तर बॅटरीतून खर्च होतात सुमारे ०.४ अँपिअर-तास. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून हा खर्च अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे आणि इंजिन सुरू होताच अल्टरनेटर तो थोड्याच वेळात भरून काढतो. आता अभ्यासिकेचा हिशेब पाहा. तीन पंखे, चार एलईडी नळ्या आणि राउटर मिळून साधारण ३०० वॅट होतात. इन्व्हर्टरमधील हानी धरून बॅटरीकडून ३७५ वॅट घ्यावे लागतात, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ३१ अँपिअर. वीज तीन तास गेली की ९३-९४ अँपिअर-तास, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक बॅटरी रिकामी होते. ट्रकमध्ये तिच्या वाट्याला अशी खोल उतरण क्वचितच, कोणी दिवे चालू ठेवून झोपला तरच येते; आमच्याकडे ती उन्हाळाभर जवळपास रोज आली.

एका क्षणात मोठा प्रवाह द्यायचा, तर आम्लाला शिशाचा जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळायला हवा. म्हणून स्टार्टर बॅटरीत पातळ, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या सपाट प्लेटा भरपूर संख्येने दाटीवाटीने बसवलेल्या असतात. जाळीवर थापलेला लेप सच्छिद्र ठेवलेला असतो. बॅटरी उतरताना धन प्लेटेवरील लेड डायॉक्साइडचे लेड सल्फेट होते, आणि सल्फेटला जागा अधिक लागते. त्यामुळे प्रत्येक खोल उतरणीत लेप फुगतो व चार्ज होताना पुन्हा आकसतो. हे वारंवार झाले की तो भुसभुशीत होतो, जाळीवरून सुटतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो. पातळ प्लेटेवर मुळात माल थोडा असल्याने त्यातला जो निघून जातो, त्याची उणीव लगेच जाणवते.

ट्यूब्युलर बॅटरीत धन प्लेट सपाट नसतेच. शिशाच्या मिश्रधातूच्या उभ्या काड्यांची एक रांग असते आणि प्रत्येक काडीभोवती पेन्सिलीच्या जाडीची, पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाची नळी असते. क्रियाशील द्रव्य या नळीत भरलेले असते. ते फुगले-आकसले तरी कापड त्याला धरून ठेवते, आम्ल मात्र विणीतून आत-बाहेर करते. काड्यांमध्ये अँटिमनी मिसळलेले असल्याने काडी आणि द्रव्य यांची पकडही खोल उतरणीत अधिक काळ टिकते. त्याची किंमत म्हणून पाणी जरा जास्त घालावे लागते. चांगली ट्यूब्युलर बॅटरी अशा खोल उतरणी हजाराच्या घरात सोसते. स्टार्टर बॅटरी शेकड्याच्या आसपासच, कधी त्याआधीही, मान टाकते.

आमच्या बॅटरीचा ऱ्हास कसा झाला ते जरा विस्ताराने सांगतो, कारण लक्षणे ओळखली तर वॉरंटीच्या काळातच हालचाल करता येते. सुरुवातीचे काही आठवडे तिने तीन तासांचा भार बिनतक्रार ओढला. म्हणून 'घरी नेऊन चालवून पाहा' हा सल्लाही या बाबतीत कुचकामी आहे. नव्या स्टार्टर बॅटरीतही क्षमता जवळपास पूर्ण असते, फक्त ती टिकत नाही. मेअखेरीस इन्व्हर्टर दोन तासांतच ओरडू लागला. त्याच वेळी चार्जिंग पूर्ण झाल्याचा दिवाही पूर्वीपेक्षा फार लवकर लागू लागला. लवकर भरणे आणि लवकर उतरणे ही जोडी दिसली की आत माल कमी झाला आहे असे समजावे. पावसाळ्यात बॅकअप अर्ध्या तासावर आला.

गावातील एका जुन्या बॅटरी मेकॅनिककाकांनी ती पूर्ण चार्ज करून सहाही कप्प्यांत हायड्रोमीटर लावला. विशिष्ट गुरुत्व सर्व कप्प्यांत व्यवस्थित वर आले होते, पण नळीत चढलेले आम्ल तपकिरी, गढूळ होते. त्यांनी निदान तिथेच केले. बॅटरी नुसती सल्फेटने अडली असती, तर कितीही चार्ज केली तरी गुरुत्व वर आले नसते, कारण आम्लातला गंधकाचा भाग प्लेटांतच अडकून राहिला असता. गुरुत्व पूर्ण, आम्ल गढूळ आणि बॅकअप अर्धा तास, याचा अर्थ धन प्लेटांचा लेप गळून गेला आहे, आणि तो कोणत्याही चार्जिंगने किंवा बाजारात मिळणाऱ्या 'बॅटरी टॉनिक'ने परत चिकटत नाही. पुढे त्यांनी लेबलची कड सोलली. खाली बॅटरी बनवणाऱ्या कंपनीचे मूळ लेबल होते: व्यापारी वाहनांसाठीचे मॉडेल, आणि शेजारी सीसीएचा आकडा.

सीसीए म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते याचे माप. हे माप इंजिन सुरू करण्यापुरते असते. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ते असण्याचे कारणच नाही. दुसरी खूण भारतीय मानकाची आहे. एकसंध पेटीतील ट्यूब्युलर स्थिर बॅटऱ्यांसाठी आयएस १३३६९ हे मानक आहे, तर वाहनांच्या बॅटऱ्यांवर आयएस ७३७२ किंवा आयएस १४२५७ आढळते. लेबल बदलता येते, वजन मात्र नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात त्या मॉडेलचे आम्लासह वजन दिलेले असते. समोरची बॅटरी काट्यावर ठेवून ते ताडून पाहावे. याच क्षमतेची ट्रकची बॅटरी साधारण चाळीस किलोच्या आसपास भरते, ट्यूब्युलर पन्नासच्या पुढे जाते. यात एक सावधगिरी हवी: सपाट पण जाड प्लेटांच्या, इन्व्हर्टरसाठीच बनवलेल्या बॅटऱ्याही बाजारात असतात. त्या ट्यूब्युलरइतक्या टिकत नाहीत, पण स्वस्त असतात आणि तशा सांगून विकल्या तर त्यात फसवणूक नाही.

उलटा प्रयोगही लोक करतात, म्हणून त्याविषयी थोडक्यात. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी टेम्पोला किंवा जनरेटरच्या सेल्फला लावली, तर जाड प्लेटांमुळे ती एकदम मोठा प्रवाह देऊ शकत नाही; व्होल्टेज कोसळते आणि थंडीच्या सकाळी स्टार्टर नुसता घरघरतो. शिवाय तिला पूर्ण भरण्यासाठी जितका वेळ आणि जितके व्होल्टेज लागते, तितके अल्टरनेटरकडून छोट्या फेऱ्यांत मिळत नाही. ती कायम अर्धवट भरलेली राहते आणि हळूहळू सल्फेटने घट्ट होते. वाहनाचे धक्के सोसण्याची बांधणीही तिची नसते.

वॉरंटीसाठी कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो, तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि त्यांच्या बाजूने तो योग्यच होता: वाहनाची बॅटरी वाहनाबाहेर वापरली तर वॉरंटी लागू होत नाही, हे त्यांच्या अटींत छापलेले असते. दुकानदाराने दिलेल्या कार्डावर 'वाहन क्रमांक' असा रकाना होता आणि तो कोरा सोडलेला होता. बिलावर फक्त 'बॅटरी १२ व्होल्ट १५० एएच' एवढेच लिहिलेले होते, आणि त्याच्या बळावर दुकानदार सुरुवातीला "मी ट्यूब्युलर म्हटलेच नाही" असे म्हणत राहिला. डकवलेले लेबल, त्याखालचे मूळ लेबल आणि दोन्हींवरील क्रमांक यांची छायाचित्रे, तसेच खरेदीपूर्वी त्याने मोबाइलवर पाठवलेला 'शॉर्ट ट्यूब्युलर'चा भाव मी जपून ठेवला होता. ते जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याची लेखी नोटीस दुकानदाराला पाठवली. त्यानंतर तडजोड झाली. त्याने उंच ट्यूब्युलर बॅटरी दिली, भावातील फरक माझ्याकडून घेतला आणि ट्रकची बॅटरी परत नेली. फरक द्यावा लागला याची चुटपुट आहे, पण आयोगात खेटे घालण्यापेक्षा ते परवडले.

नव्या बिलावर मी कंपनीचे नाव, मॉडेल क्रमांक, बॅटरीचा अनुक्रमांक, 'ट्यूब्युलर, इन्व्हर्टर वापरासाठी' हे शब्द आणि विक्रीची तारीख त्याच्याच हाताने लिहून घेतली. बॅटरी गाडीतून उतरवण्याआधी ती धान्याच्या काट्यावर चढवली, आणि अनुक्रमांक कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तपासून घेतला, तेव्हाच पैसे दिले.