उशिरा येणारा मित्र: खोटी वेळ, दंड, मर्यादा की सरळ विनंती?

नेहमी उशिरा येणाऱ्या मित्राला आवरायला लोक साधारण चार मार्ग वापरतात. खरी वेळ लपवून अर्धा तास आधीची सांगायची, उशिराबद्दल काहीतरी दंड लावायचा, आपण किती वेळ थांबणार ते आधीच सांगून टाकायचं, किंवा सरळ बोलायचं. चारही मार्ग उपदेशाशिवाय वापरता येतात. मात्र सगळे सारखे टिकत नाहीत, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

निवड करण्याआधी एक गोष्ट तपासा. मागच्या चार-पाच भेटी आठवा आणि प्रत्येक वेळी किती उशीर झाला ते लिहून काढा. उशीर दरवेळी साधारण सारखाच, म्हणजे वीस ते तीस मिनिटांचा असेल, तर त्याचा हिशेबच चुकतोय. उशीर कधी पाच मिनिटं, कधी सव्वा तास असा उड्या मारत असेल, तर आधीचं काम वेळेत न आटपणं, एकाच संध्याकाळी तीन जणांना हो म्हणणं अशी काहीतरी भानगड असते. पहिल्या प्रकाराला सरळ विनंती चांगली लागू पडते. दुसऱ्याला मर्यादाच लागते, कारण कधी येणार हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

खोटी वेळ

चारचं नाटक आहे आणि मित्राला साडेतीन सांगितलं. पहिल्यांदा हमखास चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो येऊन बघतो तर अजून दारही उघडलेलं नसतं, किंवा ग्रुपमधला तिसरा कुणीतरी बोलून जातो, “अरे, तुला मुद्दाम साडेतीन सांगितलं होतं.” त्यानंतर तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक वेळेत तो मनातल्या मनात अर्धा तास मिळवतो, म्हणजे तुमच्या शब्दाची किंमत तुम्हीच कमी करून ठेवली. शिवाय एखाद्या दिवशी तो खरोखर साडेतीनला हजर झाला आणि तुम्ही चारला पोहोचलात, तर उत्तर काय देणार?

एका प्रकारात मात्र ही युक्ती चालते, कारण तिथे ती खोटी नसते. सहलीची बस सहाला सुटणार आणि सगळ्यांनाच साडेपाचला जमायला सांगितलं, तर तो राखीव वेळ उघड आहे आणि सगळ्यांना सारखाच आहे. एकट्यालाच वेगळी वेळ सांगितली की ती फसवणूक होते.

दंड: उशिरा येईल त्याने चहा-वडे द्यायचे

हा सगळ्यात हसतखेळत चालणारा मार्ग, आणि फसवाही. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत एक प्रयोग केला होता. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे म्हणून सहा पाळणाघरांत दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशिरा येणाऱ्या पालकांचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढत गेलं आणि जवळजवळ दुप्पट झालं. पुढे दंड काढून टाकल्यावरही ते पूर्वीच्या पातळीला आलं नाही. आधी पालकांना बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंड आल्यावर तो थांबवण्याचा दर ठरला, आणि दर मोजला की लाज कशाला?

मैत्रीतही तेच घडतं. शंभर रुपयांचे चहा-वडे दिले की हिशेब मिटला, असं मित्राला वाटतं. तुमचा अर्धा तास मात्र गेलेलाच असतो, आणि आता त्याबद्दल बोलायचीही सोय राहत नाही, कारण वडा तुम्हीच खाल्लात. चौघांच्या ग्रुपमध्ये गंमत म्हणून ठेवायचा तर ठेवा. दोघांच्या मैत्रीत मला हा मार्ग निरुपयोगी वाटतो.

सरळ विनंती

विनंतीचा उपदेश नेमका कुठे होतो, ते आधी पाहू. “तू नेहमीच असं करतोस”, “तुला माझ्या वेळेची किंमतच नाही” या वाक्यांत मागच्या सगळ्या भेटी आहेत आणि त्याच्या स्वभावावर शेरा आहे. समोरचा लगेच वकिली सुरू करतो: नेहमी कुठे, दिवाळीत नव्हतो का आलो वेळेवर? विनंती फक्त पुढच्या भेटीची आणि एकाच कृतीची असावी. ती कृती ‘वेळेवर ये’ ही नसावी. तेवढं तर तो दरवेळी कबूल करतोच. विचारायचं ते निघण्याच्या वेळेचं.

एक उदाहरण घेऊ. शनिवारी दुपारी चारला दादरच्या शिवाजी मंदिरात नाटक, मित्र ठाण्याला राहतो. त्याच्या डोक्यात हिशेब असा असतो: फास्ट लोकल पस्तीस मिनिटं, म्हणजे तीनला निघालो तरी चालेल. आता खरा हिशेब. रिक्षा मिळून ठाणे स्टेशनला पोहोचायला वीस मिनिटं, पूल चढून प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहण्यात दहा, लोकल पस्तीस, दादरला पश्चिमेकडे उतरून गर्दीतून थिएटरपर्यंत दहा. झाली पंच्याहत्तर मिनिटं. तीनला निघालेला माणूस सव्वाचारला, तिसरी घंटा होऊन गेल्यावर पोहोचणार. तीन चाळीसला दारात यायचं तर घर दोन पंचवीसला सोडायला हवं. (रविवार असेल तर मेगाब्लॉक पाहून वेळ आणखी वाढवायची.)

उशीर येतो तो या न मोजलेल्या चाळीस मिनिटांतून, आणि त्यात तुमचा अपमान करायचा हेतू बहुधा नसतो. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरण्याची खोड चांगली अभ्यासली गेली आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं. प्रत्यक्षात ५५ हून अधिक दिवस लागले. त्याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण आपल्या जास्त कामाचं आहे: मागचा अनुभव नुसता आठवून अंदाज सुधारत नाही, तो आत्ताच्या कामाशी मुद्दाम जोडावा लागतो. म्हणून “मागच्या वेळी किती उशीर केलास आठव” हे टोचतंही आणि उपयोगाचंही नाही. “मागच्या वेळी घरापासून दादरला किती लागले? मग शनिवारी किती वाजता निघशील?” हा प्रश्न काम करतो.

बोलायची वेळही महत्त्वाची. तो धापा टाकत समोर आला, त्या क्षणी नाही. तेव्हा तुम्ही तापलेले असता आणि तो ओशाळलेला. चारचौघांत तर नाहीच. दोन-तीन दिवसांनी, पुढची भेट ठरवताना, फोनवर, मिनिटभरात:

“अरे, शनिवारचं नक्की. एक सांगू? मागच्या वेळी बाहेर उभा राहून माझा पहिला प्रवेश गेला, मला वाईट वाटलं. या वेळी पहिल्यापासून बघायचंय. तू घरातून कितीला निघशील?”

वाईट वाटल्याचं एकच वाक्य, मग थेट प्रश्न. तो “तीनला” म्हणाला तर रिक्षा, पूल, लोकल, चालणं असं मोठ्याने मोजा आणि दोन पंचवीस हा आकडा त्याच्याच तोंडून येऊ द्या. “आपला इंडियन टाइम रे” म्हणून त्याने हसण्यावारी नेलं तर तुम्हीही हसा आणि पुन्हा विचारा, “बरं, पण निघशील कितीला?” तो दुखावला तर समजुतीचं भाषण नको, “रागावलो नाहीये, नाटक चुकवायचं नाही एवढंच” पुरेसं आहे.

शनिवारी सवादोनला एकच मेसेज करा: “रिक्षात बसलास की कळव.” “निघालास का?” असं विचारू नका, कारण “निघालो” हे उत्तर आंघोळीला जातानाही देता येतं. लाइव्ह लोकेशन मागायचा मोह होतो, पण तो पाळत ठेवल्यासारखा वाटतो. त्याने आपणहून पाठवलं तर ठीक.

थांबण्याची मर्यादा

विनंतीत त्याने काय करावं हे असतं, मर्यादेत तुम्ही काय करणार हे. म्हणूनच ती पाळली जाणं त्याच्या हातात नाही. वरच्याच फोनवर पुढे जोडायचं: “मी तीन चाळीसपासून दारात आहे. दहा मिनिटं थांबतो, मग आत जाऊन बसतो. तुझं तिकीट तुला आत्ताच पाठवून ठेवतो.”

यातलं तिकिटाचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही तिकिटं तुमच्याकडे असतील तर तुम्हाला आत जाताच येणार नाही आणि मर्यादा पोकळ ठरेल. हॉटेलात भेटायचं असेल तर “सव्वाआठला मी ऑर्डर देतो” ही मर्यादा चालते. त्याच्याच गाडीने जायचं असेल तर मर्यादा घालताच येत नाही. तिथे आधी जाण्याची वेगळी सोय करावी लागते.

ही मर्यादा दोन ठिकाणी फसते. पहिलं, ती आधी न सांगता पंधराव्या मिनिटाला फोनवर ओरडून सांगितली तर. मग ती धमकी ठरते. दुसरं, सांगूनही पाळली नाही तर. तीन पन्नासचे चार झाले आणि तुम्ही दारातच, एवढं एकदा घडलं तरी पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर तो विसंबणार नाही. म्हणून जी पाळणं स्वतःलाही जड जाणार नाही अशीच मर्यादा निवडा. ती पाळताना सूर साधा ठेवा: “आत बसलोय, ये.” मध्यंतरात तो भेटला की नाटकाबद्दल बोला. पहिला प्रवेश चुकणं हाच परिणाम आहे, त्यावर अबोल्याची भर नको.

कुठे काय निवडावं

नाटक, सिनेमा, गाडी अशा ठरल्या वेळी सुरू होणाऱ्या गोष्टींना विनंती आणि मर्यादा एकत्र लावा. विनंती आधी, कारण नुसती मर्यादा रुक्ष वाटते. मोठ्या गटाला सगळ्यांसाठी एकच राखीव वेळ पुरते. नुसत्या गप्पांसाठीच्या भेटीत मर्यादेचा आग्रह मला जास्त वाटतो; तिथे निघण्याच्या वेळेचा प्रश्न बास.

एक अपवाद. घरी आजारी माणूस आहे, शिफ्ट संपण्याची वेळ साहेबाच्या हातात आहे, किंवा वेळेचा अंदाजच न येण्याची खरी अडचण आहे, अशा मित्राला विनंती करण्याआधी विचारा, “तुला कुठली वेळ खरंच जमते?” बऱ्याचदा संध्याकाळ सोडून रविवारची सकाळ धरली की प्रश्न मिटतो.

आणि तीन भेटींत विनंतीही झाली, मर्यादाही पाळली, तरी फरक नसेल, तर चौथ्यांदा तेच बोलू नका. ठरल्या वेळेच्या गोष्टी दुसऱ्या कुणाबरोबर करा आणि या मित्राला घरी बोलवा, “सहानंतर कधीही ये” म्हणून. तो सव्वासातला आला तरी तुम्ही तोवर भाजी निवडलेली असते.