दहा वर्षं, संपूर्ण देश, कोणताही ग्राहक: सही झाली आणि गिऱ्हाईक गेलंच

भागीदारी मोडताना बाहेर पडणारा भागीदार तुमची सगळ्यात कडक अट हसत हसत मान्य करत असेल, तर सावध व्हा. पुढे दिलेली फसवणूक नेमकी इथूनच सुरू होते. ती इतक्या ठरावीक वळणाने जाते की एकदा समजली की दुरूनही ओळखता येते.

जनरेटरच्या वार्षिक देखभालीची दोघांची पेढी घ्या. एकाकडे हिशेब आणि सुट्या भागांची खरेदी, दुसऱ्याकडे साइटवरचं काम. 84 वार्षिक करार, सहा मेकॅनिक. फील्ड सांभाळणारा म्हणतो, मला बाहेर पडायचंय, धंदा तूच चालव, माझा हिस्सा दे. राहणाऱ्याला भीती एकच, हा गिऱ्हाईक आणि माणसं घेऊन जाईल. म्हणून तो कलम घालायला लावतो: बाहेर पडणारा दहा वर्षं, देशात कोठेही, पेढीच्या कोणत्याही ग्राहकाशी किंवा नोकराशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही संबंध ठेवणार नाही. समोरचा लगेच तयार. त्याच्या फक्त दोन बारीक मागण्या असतात. कागदाला ‘भागीदारी विसर्जन करार’ म्हणू या, म्हणजे सुटसुटीत होईल. आणि गुडविलची, म्हणजे पेढीच्या नावाची आणि बसलेल्या गिऱ्हाइकाची, किंमत लावत बसायला नको, ‘शून्य’ लिहू या, उगाच वाद नको.

हिशोबाचे पूर्ण पैसे सहीच्या दिवशी दिले जातात. चार महिन्यांत 84 पैकी 29 करार आणि सहापैकी चार मेकॅनिक मेहुण्याच्या नावाने उघडलेल्या नव्या पेढीत गेलेले असतात. राहणारा करार घेऊन वकिलाकडे जातो, तेव्हा त्याला कळतं की ज्या दोन मागण्या किरकोळ वाटल्या होत्या त्यांनीच घात केला आणि ज्या कलमावर भिस्त होती ते सगळ्यात लेचंपेचं आहे.

आधी त्या दोन मागण्या पाहू. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 36 प्रमाणे निवृत्त झालेला भागीदार स्पर्धेचा धंदा काढू शकतो, जाहिरातही करू शकतो. पण करारात वेगळं ठरलं नसेल तर तो पेढीचं नाव वापरू शकत नाही, आपण अजून पेढीचाच धंदा करतो असं भासवू शकत नाही आणि जुन्या ग्राहकांना आपल्याकडे या म्हणून गळ घालू शकत नाही. म्हणजे ग्राहकांपुरतं संरक्षण, कुणी काही लिहिलं नाही तरी, कायद्यातच आहे. विसर्जनाच्या बाबतीत मात्र हेच संरक्षण कलम 55 मध्ये येतं आणि तिथे ते गुडविल विकलं गेलं असेल तरच लागू होतं. दोनच भागीदार असले की एक गेल्यावर भागीदारी उरतच नाही, त्यामुळे अशा पेढीत विसर्जन टळत नाही. मग गुडविल राहणाऱ्याने अमुक मोबदल्याला विकत घेतलं, हे वाक्य जिवाचं ठरतं. तिथे ‘शून्य’ लिहिलं किंवा ते वाक्यच गाळलं, की काहीच विकलं गेलं नाही असा युक्तिवाद समोरच्याच्या हातात आयता पडतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हेच घडलं होतं. 1896 च्या ट्रेगो विरुद्ध हंट या खटल्यात वॉर्निश बनवणाऱ्या पेढीच्या एका भागीदाराने मुदत संपण्याआधी पेढीच्याच कारकुनाकडून ग्राहकांची नावं-पत्ते उतरवून घेतले. गुडविल दुसऱ्या बाजूचं राहील असं करारात ठरलेलं होतं, म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला जुन्या ग्राहकांकडे जाऊन मागणी करण्यापासून रोखलं. धंदा काढायला मात्र मोकळीक दिली.

आता दहा वर्षांचं कलम. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 नुसार कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. भागीदारांसाठी सवलत आहे: निवृत्तीच्या वेळी कलम 36(2), विसर्जनाच्या वेळी कलम 54. पण दोन्हीकडे ठरावीक मुदत किंवा ठरावीक क्षेत्र हवं, आणि बंधन वाजवी हवं. ‘दहा वर्षं, संपूर्ण देश, कोणताही संबंध’ ही वाजवी मर्यादा आहे असं वर्षाला नूतनीकरण होणाऱ्या धंद्यात पटवून देणं जवळजवळ अशक्य. आणि न्यायालय तुमच्यासाठी दहाची दोन वर्षं करून देईल या भरवशावर राहू नका. कलम जसं लिहिलंय तसं तपासलं जातं, बसून नव्याने लिहून दिलं जात नाही. बाहेर पडणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणूनच तो घासाघीस करत नाही. ज्याला अट खरोखर पाळायची असते, तो मुदतीवर भांडतो.

मग वाजवी किती? आकडा धंद्याच्या चाकातून काढायचा. वार्षिक करार असेल तर बारा महिन्यांत प्रत्येक ग्राहकाच्या नूतनीकरणाची तारीख एकदा येऊन जाते. राहणाऱ्याला प्रत्येकाशी एकदा स्वतः बोलून करार पुढे चालवण्याची संधी मिळावी, एवढाच बंधनाचा न्याय्य हेतू. त्यावर उशिरा होणाऱ्या नूतनीकरणांसाठी थोडी सवड धरली की पंधरा ते अठरा महिने होतात. हा हिशोब करारातच दोन ओळींत लिहा. नंतर कुणी ‘अठराच का?’ विचारलं तर उत्तर कागदावर तयार असतं. मेकॅनिकच्या बाबतीत नवा माणूस घेऊन त्याला सगळ्या साइट दाखवायला लागणारा काळ धरा. इथे तो सहा ते बारा महिने पुरे.

‘कोणताही ग्राहक’ हेही असंच निसटतं. पाच वर्षांपूर्वी एकदा फिल्टर घेऊन गेलेला माणूस ग्राहक आहे का? त्याऐवजी परिशिष्ट जोडा: बाहेर पडण्याच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ज्यांना बिल गेलं ते, आणि सहा महिन्यांत ज्यांना लेखी कोटेशन गेलं ते. नाव, साइट, नूतनीकरणाची तारीख. दोघांच्या प्रत्येक पानावर सह्या. ही यादी द्यायला समोरचा कुरकुर करू लागला, तर त्याच्या मनात कुठली नावं आहेत हे त्याच बैठकीत कळतं.

नोकरांबाबत सगळ्यात मोठा गैरसमज. कलम 36 आणि 55 फक्त ग्राहकांबद्दल बोलतात, माणसं फोडण्याबद्दल अवाक्षर नाही. लिहिलं नाही तर संरक्षण नाही. आणि लिहिलं तरी ते बाहेर पडणाऱ्या भागीदाराला बांधतं, मेकॅनिकला नाही. मेकॅनिकने राजीनामा देऊन कुठे जायचं हा त्याचा प्रश्न, त्याला घरी बसवणारी अट कलम 27 खाली टिकत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2006 मध्ये विप्रो आणि बेकमन कुल्टर यांच्या वादात हाच फरक केला: एकमेकांची माणसं फोडायची नाहीत ही दोन व्यावसायिकांमधली अट वैध, पण म्हणून गेलेल्या कर्मचाऱ्यांना अडवता येत नाही. आधीच गेलेल्यांबाबत उपाय नुकसानभरपाईचा. तेव्हा मेकॅनिकला नोटिसा धाडून दम देण्यात वेळ घालवू नका. उरलेले दोघंही त्याने दुखावतात.

कलमात कृती नेमकी लिहा: फोन, संदेश, भेट, तिसऱ्यामार्फत निरोप, पगाराचं आमिष. ‘स्वतः, नातेवाइकाच्या नावाने, किंवा ज्या पेढीत वा कंपनीत त्याचा हिस्सा, पगार वा कमिशन आहे तिच्यामार्फत’ हे शब्द घालाच, मेहुण्याची पळवाट त्यानेच बुजते. आणि काय चालेल तेही लिहा. सर्वांसाठी दिलेली जाहिरात चालेल, ग्राहक आपणहून आला तर तो वेगळा. ही सूट दिल्याने कलम कमजोर होत नाही, उलट वाजवी ठरायला मदत होते.

पण ‘आपणहून आला’ यातच वरच्या उदाहरणातली खरी चलाखी होती. 29 पैकी बहुतेकांना कुणी फोन केलाच नव्हता. जनरेटरच्या पॅनेलवर चिकटवलेल्या सर्व्हिस स्टिकरवर बाहेर पडणाऱ्याचा खाजगी मोबाइल नंबर होता. मशीन बंद पडलं, ग्राहकाने स्टिकर पाहून फोन लावला, तो गेला, काम केलं आणि पुढच्या वर्षाचा करार घेऊन आला. गळ घातल्याचा पुरावा कुठे? त्यामुळे सहीच्या आधी तीन गोष्टी उरकायच्या: स्टिकर आणि बिलांवरचा नंबर पेढीच्या नावावर घ्यायचा, सर्व्हिस रजिस्टर व ग्राहकांच्या ग्रुपचा ताबा घ्यायचा, आणि कोण बाहेर पडला व यापुढे कुणाला फोन करायचा हे सांगणारं दोघांच्या सहीचं पत्र परिशिष्टातल्या प्रत्येक ग्राहकाला धाडायचं. त्या पत्राची पोच जपून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर सगळी रक्कम सहीच्या दिवशी देणं हीच मुख्य चूक. साधारण एक तृतीयांश रोखून ती सहा, बारा आणि अठरा महिन्यांनी अशा तीन हप्त्यांत द्या, आणि परिशिष्टातला ग्राहक अट मोडून गेला तर किती वजा होईल तेही ठरवा. त्या ग्राहकाच्या एका वर्षाच्या करारातून खर्च जाऊन जे उरतं, तेवढंच धरा. भीती घालायला भलामोठा दंड लिहिला तर करार अधिनियमाचं कलम 74 आड येतं: लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. खऱ्या नुकसानीच्या जवळचा आकडाच वसूल होतो.

सुगावा लागतो तो साधारण सही व्हायच्या दोन-तीन महिने आधीपासून. नूतनीकरणाची पत्रं ‘पुढच्या महिन्यात पाठवू’ म्हणून लांबतात, म्हणजे करार मोकळे राहतात. भेटींची नोंद रजिस्टरऐवजी खाजगी वहीत जाऊ लागते. ग्राहकांची पूर्ण यादी कुणीतरी एकदमच डाउनलोड केलेली दिसते. पुढे एकाच मजकुराचे राजीनामे आठवड्याच्या अंतराने येतात. असं दिसताच ज्याचा करार गेला त्या ग्राहकाकडून ‘तुम्हाला आधी फोन कुणी केला, कधी?’ एवढं लेखी विचारा, नव्या कोटेशनची प्रत मिळाली तर घ्या आणि काही आठवड्यांतच मनाई हुकुमासाठी अर्ज करा. अठरा महिन्यांच्या बंधनातले दहा महिने विचार करण्यात घालवले, तर ‘एवढी घाई होती तर आजवर काय करत होतात?’ हा प्रश्न न्यायालयात हमखास येतो. आणि तोवर सहा महिन्यांचा हप्ता तुम्ही मुकाट्याने देऊन मोकळे झाला असलात, तर त्याची पावतीही समोरचा दाखवतो.