पत्रिका जुळवण्याआधी: रास, नक्षत्र, लग्न पंचांगातून काढावं की ॲपवर?

माझ्या भाचीचा जन्म 29 एप्रिल 1998 चा, सकाळी 7 वाजून 2 मिनिटांनी. त्या दिवशी आखाजी होती. आई बाळंतपणाला माहेरी जळगावला आलेली, सासर मुंबईचं. स्थळं येऊ लागली तेव्हा घरात दोन पत्रिका निघाल्या: एकीत मेष लग्न, दुसरीत वृषभ. रास आणि नक्षत्र मात्र दोन्हींत सारखंच, वृषभ रास, रोहिणी नक्षत्र.

असं का झालं ते कळलं की पंचांग घ्यायचं की ॲप, हा प्रश्न निम्मा सुटतो.

चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो आणि एका राशीत सव्वादोन दिवस. तो कुठल्या नक्षत्रात आहे हे जळगावहून पाहिलं काय आणि मुंबईहून पाहिलं काय, त्या क्षणी उत्तर एकच. म्हणून रास-नक्षत्रासाठी त्या वर्षीचं छापील पंचांग पुरतं. तारखेसमोर रोहिणी किती वाजेपर्यंत आहे ते पाहायचं, जन्मवेळ त्याच्या आधीची की नंतरची एवढंच ठरवायचं. चूक होते ती रात्रीच्या जन्मात. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, दाखल्यावरची तारीख मध्यरात्री. ‘मंगळवारी रात्री दोनला’ म्हणजे दाखल्यावर बुधवार. मंगळवारच्या ओळीत पाहताना पहाटे दोनची वेळ 26.00 अशी छापलेली दिसेल, तिला घाबरू नका.

लग्नाची गोष्ट वेगळी. लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. ती सुमारे दोन तासांनी बदलते आणि गावागणिक तिची वेळ सरकते. जळगाव मुंबईच्या पूर्वेला, त्यामुळे तिथे सूर्यही लवकर उगवतो आणि राशीही. 29 एप्रिलला जळगावात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, मुंबईत त्यानंतर बारा-तेरा मिनिटांनी. भाचीच्या दिवशी मेष लग्न जळगावात 6.55 च्या आसपास संपलं, मुंबईत 7.10 च्या आसपास. 7.02 ही वेळ बरोबर मधे सापडली. जुनी पत्रिका करणाऱ्याने मुंबईचं लग्नकोष्टक जसंच्या तसं वापरलं होतं. जन्म जळगावचा, म्हणून वृषभ हेच लग्न बरोबर.

फरक कागदापुरता नाही. गुणमेलनाचे 36 गुण चंद्राच्या राशी-नक्षत्रावरूनच निघतात, ते दोन्ही पत्रिकांत तेवढेच आले. पण मेष लग्नाला सप्तम स्थान, म्हणजे जोडीदाराचं घर, तुळेचं, त्याचा स्वामी शुक्र. वृषभ लग्नाला ते वृश्चिकेचं, स्वामी मंगळ. मंगळ स्वतः मेषेत होता, तो एका पत्रिकेत पहिल्या स्थानी, दुसरीत बाराव्या. दोन्ही स्थानं मंगळाच्या पत्रिकेत मोजतात, म्हणून कुणाला शंका आली नाही. तो मिथुनेत असता तर मेष लग्नाला तिसरा, वृषभ लग्नाला दुसरा पडला असता, म्हणजे मंगळाचा प्रश्नच नाही. आणि कन्येत असता तर सहावा आणि पाचवा. उलट मीनेत असता तर एकीत बारावा आणि दुसरीत अकरावा, म्हणजे एक पत्रिका मंगळाची आणि दुसरी बिनमंगळाची.

म्हणून माझं मत असं: नुसते गुण पाहायचे असतील तर पंचांग बस झालं. मंगळ आणि सप्तम स्थान बघायचं असेल, आणि आपल्याकडे ते बघतातच, तर लग्न ॲपवर काढा. अक्षांश-रेखांशाचा हिशोब ॲप चोख करतं. पण गाव तुम्हीच नीट निवडायला हवं. ‘जळगाव’ टाकलं की यादीत बुलढाण्याचं जळगाव जामोदही येतं, तिथे लग्न सुमारे 4 मिनिटं आधी बदलतं. नंदुरबारचा जन्म जळगाव टाकून काढला तर 5 मिनिटांचा घोळ. आणि राहतं गाव नाही, जन्मगाव टाका.

दुसरी तपासणी अयनांशाची, म्हणजे आपल्या आणि पाश्चात्य राशींची सुरुवात जितक्या अंशांनी वेगळी, त्या फरकाची. सेटिंगमध्ये लाहिरी किंवा चित्रापक्ष असावं. पाश्चात्य पद्धत चालू राहिली तर सगळं 24 अंशांच्या आसपास पुढे सरकतं. भाचीचा चंद्र तिथे मिथुनेत दिसतो. पंचांगातलं नक्षत्र आणि ॲपचं नक्षत्र जुळलं की सेटिंग बरोबर आहे असं समजा. मी दोन्ही वापरते ती याचसाठी.

नावावरून रास काढणं हा तिसरा मार्ग गावाकडे अजून चालतो. ज्यांची जन्मवेळच नाही त्यांच्यासाठी तो ठीक. पण पाळण्यातलं नाव नक्षत्राच्या चरणावरून ठेवलेलं नसेल, तर ती रास जन्माची नाहीच.

वेळेचा कागद शोधा. जन्मदाखल्यावर वेळ नसते. दवाखान्याचा डिस्चार्ज कागद किंवा आजोबांच्या वहीतली नोंद बघा. ‘सात वाजता’ अशी गोल वेळ असेल तर 6.50 आणि 7.10 अशा दोन वेळा टाकून लग्न काढा. दोन्हींत एकच रास आली तर पुढे जा. वेगळी आली तर, त्या दिवशी घरात जे होते त्यांना विचारल्याशिवाय पत्रिका कुणाला पाठवू नका.