बँकेनं फोन करून विचारलं होतं, मीच खोटं बोललो

कराडात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, नळ, टाइल्स. गेल्या वर्षी माझे ५ लाख ७८ हजार ८०० रुपये गेले. सगळे मी स्वतःच्या हातानं पाठवले, माझ्याच मोबाइलवरून, माझाच पिन टाकून. मधे एकदा बँकेला शंका आली होती. ती शंका मीच मिटवली. लाज वाटते, पण नेमकं तेच सांगायला हे लिहितोय.

आधी एक वेगळा प्रसंग सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फसवणुकीच्या तीन-चार महिने आधी मेहुण्याला रात्री छातीत दुखायला लागलं, म्हणून कोल्हापूरला हलवलं. हॉस्पिटलच्या खिडकीवर ६० हजार अनामत भरायची होती. रात्रीचे साडेअकरा. पैसे पाठवले, तर स्क्रीनवर आलं की सुरक्षेच्या कारणास्तव व्यवहार थांबवला आहे. दोनदा केलं, दोनदा तेच. मागे लोक उभे, बहीण रडतेय, आणि मी बँकेच्या हेल्पलाइनवर 'एक दाबा, दोन दाबा' करतोय. शेवटी एका मित्राला झोपेतून उठवून त्याच्या खात्यातून भरले. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन मी मॅनेजरना नको ते बोललो. माझाच पैसा, तुम्ही कोण अडवणार?

मग व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो ग्रुप आला. शेअर बाजाराच्या टिपा, रोज नफ्याचे फोटो, 'सर, थँक यू' म्हणणारे शंभरभर लोक. त्यांनी दिलेलं अ‍ॅप उतरवलं आणि ५ हजार टाकले. आठवड्यात ६,२०० दिसले, काढून बघितले तर खात्यात खरंच जमा झाले. तिथंच मी गेलो. नंतर 'आयपीओचा राखीव कोटा' आला: ५० हजार, मग १ लाख, मग १ लाख ८० हजार, मग अडीच लाख. प्रत्येक वेळी खातं वेगळं, नाव वेगळं. कुठं एंटरप्रायझेस, कुठं ट्रेडर्स. मी व्यापारी माणूस, मला ती नावं ओळखीचीच वाटली.

अडीच लाखांच्या वेळी ग्रुपवरच्या 'मॅडम' आधीच म्हणाल्या होत्या, "बँकेतून फोन येऊ शकतो. आयपीओचं सांगू नका, ते अडवतात आणि कोटा जातो. माल घेतला म्हणून सांगा."

आला फोन. मुलगी शांतपणे बोलत होती.

"सर, हे खातं तुमच्या ओळखीचं आहे का?"

"हो, पार्टी आहे आमची."

"कशासाठी पाठवताय?"

"माल घेतलाय."

"कुठला माल, सर?"

"पाइप फिटिंग. आणि मॅडम, मागं हॉस्पिटलात माझे पैसे अडवलेत तुम्ही. आता परत नको."

ती "सॉरी सर" म्हणाली आणि दहा मिनिटांत पैसे गेले.

सहा दिवसांनी पैसे काढायला गेलो, तर आधी २० टक्के 'टॅक्स' भरा म्हणाले. तेव्हा डोक्यात उजेड पडला. १९३० ला फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार टाकली. साखळीतल्या एका खात्यात ३८ हजार गोठवता आले. बाकीचे पाठवल्या दिवशीच पुढच्या खात्यांत वाटले गेले होते. ते ३८ हजारही लगेच हातात आले नाहीत, त्याला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता.

बँकेकडं भरपाई मागितली. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मी वाचून गेलो होतो: तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही. शाखेत मला शांतपणे समजावलं की एक तर ते तीन दिवस उलटून गेले होते, आणि मुळात तो नियम आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथं पिन माझा होता, आणि फोनवरचा होकारही रेकॉर्ड झालेला.

माझ्या मित्राची मुलगी पुण्यात दुसऱ्या एका बँकेत संशयास्पद व्यवहारांवर लक्ष ठेवायचं काम करते. दिवाळीत आली तेव्हा मी तिला तावातावानं विचारलं, मेहुण्याच्या वेळी अडवलंत आणि चोराच्या वेळी सोडलंत, ही कसली यंत्रणा? तिनं कागद घेतला.

"काका, यंत्रणेच्या नजरेनं बघा. रात्र, परगाव, कधी न पाठवलेलं खातं, एकदम ६० हजार. हॉस्पिटलचा व्यवहार चोरीसारखा दिसत होता. आणि चोरीचे? सकाळी अकरा, नेहमीचा मोबाइल, दुकानाचीच जागा, ट्रेडर्स नावाचं खातं, तुम्ही एरवीही पाठवता तेवढीच रक्कम. ते तुमच्या धंद्यासारखे दिसत होते."

मग म्हणाली, समजा एक लाख व्यवहार आहेत आणि त्यांत फसवणुकीचे दहा. चाळणी बारीक केली तर दहातले आठ सापडतील, पण शेकडा एक खरा माणूसही अडकेल. म्हणजे हजार. हजार आठ फोन करायचे, त्यांत चोरीचे आठ. उरलेले हजार जण हॉस्पिटलच्या खिडकीवर, पेट्रोल पंपावर, लग्नाच्या हॉलवर शिव्या देत उभे. चाळणी मोठी केली तर शंभर खरे अडकतील, पण चोरीचे चारच सापडतील, सहा निसटतील. हे आकडे तिनं समजावण्यापुरते घेतले होते, पण पेच खरा आहे. "आणि तुमच्यासारखे लोक शाखेत येऊन ओरडले की चाळणी थोडी मोठी करा असा दबाव येतोच," असंही तिनं हसून सुनावलं.

पुढचं मात्र मला झोंबलं. फोनवर ग्राहक 'हो, माझंच' म्हणाला की त्या व्यवहारापुढं 'खरा' अशी नोंद होते. यंत्रणा अशा नोंदींवरून शिकते. म्हणजे मी तक्रार करेपर्यंत सहा दिवस माझं खोटं तिला हेच शिकवत होतं की ते खातं चांगलं आहे. मधल्या काळात आणखी कुणाचे पैसे तिथं गेले असतील, देव जाणे.

माझ्या बँकेला फक्त मी दिसत होतो. पैसे घेणाऱ्या बँकेला मात्र नवं खातं, अनोळखी गावांतून येणाऱ्या रकमा आणि मिनिटांत रिकामी होणारी शिल्लक दिसू शकते. अशी भाड्यानं घेतलेली खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं म्यूलहंटर नावाची यंत्रणा काढली आहे. तिथंही पेच तोच. आमच्याच पेठेतल्या एकानं गिऱ्हाईकाकडून टाइल्सचे पैसे घेतले, ते निघाले चोरीचे, आणि त्याचं खातं महिनाभर अडकलं. त्याला काय माहीत पैसा कुठून आला?

आयपीओबद्दल एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक असती तर पुढचं काहीच झालं नसतं. खऱ्या आयपीओला आपण कुणाच्या खात्यात पैसे पाठवतच नाही. रक्कम आपल्याच खात्यात अडवून ठेवतात आणि शेअर मिळाले तरच कापतात. आणि कुणी 'बँकेला हे सांगू नका' म्हणालं, तर त्याच क्षणी फोन ठेवा आणि बँकेला तेवढंच सांगा.

मागच्या महिन्यात मोरबीच्या नव्या कारखान्याला टाइल्सचे पावणेदोन लाख पाठवत होतो. परत अडवलं. बँकेतल्या मुलीचा फोन आला, मी बिल नंबर वाचून दाखवला. शेवटी तिनं विचारलं, "सर, हे असं सांगा म्हणून तुम्हाला कुणी शिकवलंय का?"

नाही म्हणालो. तरी पैसे सुटायला दुपार झाली. तिकडं गाडी भरून उभी होती आणि कारखानेवाला दर अर्ध्या तासानं फोन करत होता. मी त्याला सांगितलं, भाई, थांब जरा, बँक तपासतीय.